संध्याकाळची हजेरी आणि शेवटचे चार अंक

मोबाईलच्या फॉर्मवर हजेरी भरणं आता सगळ्यांना जमतं. माझं म्हणणं त्यापुढच्या कामाबद्दल आहे. संध्याकाळी ही हजेरी फॉर्ममधून मुख्य डेटाबेसमध्ये जाते, तेव्हा मुलं वाटेतच गळू शकतात.

एक उदाहरण घेऊ. चौथीचा वर्ग, पट २७, आज हजर २२. फॉर्मची माहिती सीएसव्ही फाईल म्हणून उतरवली आणि एक्सेलमध्ये नुसती क्लिक करून उघडली. सरलचा विद्यार्थी आयडी १९ अंकी असतो, पण एक्सेल कोणत्याही संख्येचे पहिले १५ अंकच जपतं आणि पुढच्या अंकांच्या जागी शून्य टाकतं. एका वर्गातल्या मुलांच्या आयडीत फरक असतो तो शेवटीच! म्हणजे नेमकं ज्याने मूल ओळखायचं, तेच पुसलं जातं. रकान्यात `2.01E+18` असं काही दिसलं, किंवा सगळे आयडी 0000 ने संपले, की समजा घोटाळा झाला.

अशी फाईल सेव्ह करून पाठवली की डेटाबेसला तो आयडी सापडत नाही आणि ओळ नाकारली जाते. किंवा सगळ्यांचा आयडी एकच झाल्यामुळे एका ओळीवर दुसरी चढत जाते आणि शेवटी एकच मूल उरतं. नंतर तो रकाना टेक्स्ट केला तरी गेलेले अंक परत येत नाहीत. फॉर्मवरून फाईल पुन्हा उतरवावी लागते. म्हणून फाईल थेट न उघडता Data मधल्या From Text/CSV ने घ्यावी आणि आयडीचा रकाना आधीच Text करावा. दोन मिनिटं जास्त लागतात, एवढंच.

पण सगळा भार शिक्षकावर टाकणं मला पटत नाही. पाठवल्यावर डेटाबेसने उत्तर द्यायला हवं : २७ ओळी आल्या, २७ जुळल्या. आणि ओळ पोचलीच नाही तर तिथे ‘गैरहजर’ नव्हे, ‘नोंद नाही’ दिसायला हवं. आपल्याकडे बालाजी महाराजांच्या यात्रेत किंवा कापूस वेचणीच्या दिवसांत वर्ग तसाही रिकामा दिसतो, त्यामुळे त्या दिवसांत खोटी गैरहजेरी कुणाला खटकतही नाही. शाळेत येऊन खिचडी खाल्लेलं पोर कागदावर मात्र घरी! मुलींचा उपस्थिती भत्ता तर हजेरीच्या दिवसांवरच मोजला जातो.

रेंज गेली म्हणून फॉर्म दुसऱ्या दिवशी सकाळी पोचला, तर त्यावर Timestamp पडतो तो त्या सकाळचा. म्हणून हजेरीची तारीख वेगळ्या रकान्यात भरून घ्या आणि डेटाबेसमध्ये तीच पाठवा.

पालकहो, नोंद चुकलीय असं वाटलं तर वर्गशिक्षकांकडे कागदी हजेरीपट बघायला मागा. पाठवलेली फाईल चुकीची असली तरी त्या दिवसाची खूण तिथे असते.