कॅमेऱ्याचं बिल आणि डॉलरवरचा टॅक्स

नोकरी सांभाळून यूट्यूब चॅनल चालवणाऱ्या मंडळींमध्ये एक सल्ला फार फिरतो. यंदा डॉलर बरे आले का? मग वर्ष संपायच्या आत एक मस्त कॅमेरा घेऊन टाक, खर्चात दाखव, टॅक्स वाचला! ऐकायला झकास आहे. पण माझं स्पष्ट मत आहे की कॅमेरा हा टॅक्स वाचवायचा मार्ग नाही. तसं समजून जो हिशेब केला जातो तो बहुतेक वेळा दोन्ही बाजूंनी गंडतो. आलेले पैसे कमी दिसतात आणि गेलेले पैसे जास्त.

एक उदाहरण घेऊ, म्हणजे हवेत बोलणं होणार नाही. समजा पुण्यातला एक डेव्हलपर आहे. पगाराचं करपात्र उत्पन्न २५ लाख, नवीन करप्रणाली. म्हणजे चॅनलचा प्रत्येक वरचा रुपया ३० टक्क्यांच्या स्लॅबमध्ये, सेस धरून ३१.२ टक्के. चॅनल इंग्रजीत, प्रोग्रॅमिंगवर, त्यामुळे प्रेक्षक अमेरिकेतही आहेत. २०२५-२६ या आर्थिक वर्षात चॅनलने ८००० डॉलर कमावले. त्यातले २००० अमेरिकेतल्या प्रेक्षकांमुळे.

आता पहिली गंमत. गूगल २०२१ पासून अमेरिकन प्रेक्षकांमुळे झालेल्या कमाईवर तिकडचा टॅक्स कापून घेतं. फॉर्म भरून भारत-अमेरिका कराराचा फायदा घेतला असेल तर १५ टक्के. म्हणजे २००० वर ३०० डॉलर गेले आणि बँकेत ७७०० डॉलरच आले. सोयीसाठी डॉलर सरसकट ८५ रुपये धरू (खऱ्या हिशेबात प्रत्येक महिन्याला बँकेने लावलेला दर घ्यायचा). खात्यात जमा झाले ६,५४,५०० रुपये. बहुतेक जण हाच आकडा उत्पन्न म्हणून लिहून मोकळे होतात.

पण उत्पन्न ६,८०,००० आहे! कापलेले २५,५०० रुपये हा खर्च नव्हे. तो तुम्ही दुसऱ्या देशाला भरलेला टॅक्स आहे. तो आधी उत्पन्नात धरायचा आणि मग भारतातल्या टॅक्समधून वजा मागायचा. त्यासाठी फॉर्म ६७ भरावा लागतो. पुरावा म्हणून गूगलकडून १०४२-एस नावाचा कागद मिळतो, पण तो जानेवारी ते डिसेंबर असा असतो आणि आपलं वर्ष एप्रिल ते मार्च. त्यामुळे महिन्यावार कपात स्वतःच मांडून ठेवलेली बरी. आपलं चुकलंय का हे ओळखायची सोपी खूण सांगतो: रिटर्नमधला चॅनलचा आकडा बँकेतल्या जमेशी तंतोतंत जुळत असेल आणि तिकडे कपात झालेली असेल, तर चुकलंय.

आता खर्चाकडे वळू. एडिटरचे पैसे, सॉफ्टवेअरची वर्गणी, संगीताचं लायसन्स, इंटरनेटचा चॅनलपुरता वाटा, बँकेचे चार्जेस मिळून १,२०,००० रुपये. हे सगळं त्याच वर्षी पूर्ण वजा होतं, इथे वाद नाही. वाद आहे तो सामानाचा. जूनमध्ये फक्त चॅनलसाठी १,५०,००० चा लॅपटॉप घेतला आणि दिवाळीच्या सेलमध्ये लेन्ससकट १,६०,००० चा कॅमेरा. एकूण ३,१०,०००.

अनेक वर्षं चालणारी वस्तू एका वर्षाचा खर्च म्हणून दाखवता येत नाही. तिचा दरवर्षी घसारा मिळतो. कॉम्प्युटरला ४० टक्के. कॅमेरा, माइक, लाइट हे मात्र साध्या यंत्रसामग्रीत येतात, १५ टक्के. शिवाय वस्तू त्या वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरली असेल तर दर निम्मा होतो. दिवस मोजून पाहा, ३१ मार्चपासून मागे १८० दिवस म्हणजे ३ ऑक्टोबर. २०२५ चा दसरा २ ऑक्टोबरला होता. म्हणजे दसऱ्याच्या मुहूर्तावर घेऊन लगेच वापरायला काढलेल्या कॅमेऱ्याला पूर्ण १५ टक्के आणि दिवाळीत घेतलेल्याला साडेसात :-) लक्षात घ्या, बिलाची तारीख पुरेशी नाही, वापर सुरू व्हायला हवा. आणि मार्चमध्ये घाईघाईने घेतला तरी तेच साडेसात.

तर लॅपटॉपचे ६०,००० आणि कॅमेऱ्याचे १२,०००. तीन लाख दहा हजार खर्चून यंदा वजा झाले फक्त ७२,०००.

आता दोन्ही हिशेब शेजारी ठेवू. गंडलेला: ६,५४,५०० वजा १,२०,००० वजा ३,१०,०००, नफा २,२४,५००, टॅक्स साधारण ७०,०००. बरोबर: ६,८०,००० वजा १,२०,००० वजा ७२,०००, नफा ४,८८,०००, टॅक्स १,५२,२५६. त्यातून अमेरिकेत भरलेले २५,५०० गेले की १,२६,७५६ उरतात. म्हणजे सुमारे ५७,००० चा फरक. आणि हे पैसे भरायची वेळ येते तेव्हा ते कॅमेऱ्यात गुंतलेले असतात, हे खरं दुखणं.

त्यात कंपनी फक्त पगाराचा टीडीएस कापते. तिला तुम्ही होऊन सांगितल्याशिवाय या डॉलरांचा पत्ताही नसतो. टीडीएस वगळून वर्षाचा १०,००० किंवा जास्त टॅक्स निघत असेल तर जून, सप्टेंबर, डिसेंबर आणि मार्चच्या १५ तारखांना ॲडव्हान्स टॅक्स भरायचा, नाहीतर महिन्याला एक टक्का व्याज. म्हणून प्रत्येक महिन्याला पैसे आले की साधारण तिसरा हिस्सा वेगळ्या खात्यात टाकावा, आणि उरलेल्यातून कॅमेरा परवडतो का ते पाहावं.

उरलेला घसारा बुडत नाही. पुढच्या वर्षी लॅपटॉपच्या उरलेल्या ९०,००० वर ४० टक्के म्हणजे ३६,०००, कॅमेऱ्याच्या १,४८,००० वर १५ टक्के म्हणजे २२,२००. फक्त वाट पाहावी लागते. एप्रिल २०२६ पासून नवा कायदा आलाय, कलमांचे आकडे बदललेत, पण घसाऱ्याची ही रीत तीच आहे. काही सीए कलम ४४एडीएखाली ५० टक्के नफा सरळ मान्य करायला सुचवतात. तिथे घसारा त्या उरलेल्या ५० टक्क्यांत आलाच असं धरतात, मग कॅमेऱ्याचं बिल दाखवायचा प्रश्नच मिटतो. पण कायद्यातल्या व्यवसायांच्या यादीत यूट्यूबर असं कुठे लिहिलेलं नाही, तेव्हा आधी नीट विचारून घ्या.

असो. खर्च वर्षांवर पसरायचा हे मला पटतं. कॅमेरा तीन-चार वर्षं कमावून देणार असेल तर त्याचा खर्च एकाच वर्षावर का टाकायचा? पटत नाही तो दर. व्हिडिओ बनवणाऱ्याच्या टेबलावर लॅपटॉप आणि कॅमेरा एकच काम करतात, जुनेही जवळपास एकाच वेगाने होतात. एकाला ४० आणि दुसऱ्याला १५ का? १५ टक्क्यांच्या दराने चार पूर्ण वर्षांनंतरही निम्म्याहून जास्त किंमत हिशेबात शिल्लक राहते, आणि बाजारात तोवर त्या मॉडेलला कुणी विचारत नाही. डिजिटल कॅमेरा कॉम्प्युटरच्या शेजारी बसवायला एक दुरुस्ती पुरेल. ती होईपर्यंत कॅमेरा कामासाठी हवा असेल तरच घ्या, आणि घ्यायचाच असेल तर दिवाळीच्या सेलची वाट न बघता ३ ऑक्टोबरच्या आतच घ्या आणि वापरायला काढा.