तात्पर्य विचारण्याआधी घटना विचारा



गोष्ट संपली की आपण विचारतो, "मग यातून काय शिकलात?" तिसरीच्या वर्गात मीही इसापाची 'लांडगा आला रे आला' ही गोष्ट सांगून लगेच तात्पर्य लिहायला सांगितलं होतं. एकाने लिहिलं, 'लांडग्याने मेंढ्या खाल्ल्या.' एकीने लिहिलं, 'रानात एकटे जाऊ नये.' बाकी बहुतेकांनी लिहिलं, 'खोटे बोलू नये.'

पहिल्याने घटना लिहिली. दुसरीने मोठ्यांकडून ऐकलेली सूचना लिहिली. बाकीच्यांचं वाक्य चुकीचं नाही, पण ते गोष्ट न ऐकताही लिहिता येतं. चूक मुलांची नव्हती, माझ्या प्रश्नाची होती. घटना आणि तात्पर्य वेगळं करायला मी शिकवलंच नव्हतं. म्हणून माझं मत असं, की तात्पर्याचा प्रश्न सगळ्यात शेवटी यावा आणि त्याआधी दोन पायऱ्या असाव्यात.

आधी गोष्ट थोडक्यात:

एक मुलगा माळावर मेंढ्या राखत असे. एक दिवस कंटाळून तो ओरडला, "लांडगा आला रे आला!" गावकरी काठ्या घेऊन धावत आले. लांडगा कुठेच नव्हता. मुलगा हसू लागला. काही दिवसांनी त्याने पुन्हा तसंच केलं. लोक पुन्हा आले आणि चिडून परत गेले. मग एकदा खरंच लांडगा आला. मुलगा जिवाच्या आकांताने ओरडला. लोकांना वाटलं, याची नेहमीची थट्टा. कोणी आलं नाही. लांडग्याने मेंढ्या मारल्या.

पहिली पायरी : काय घडलं?
१. मुलगा पहिल्यांदा का ओरडला?
२. गावकरी किती वेळा धावत आले?
३. शेवटी मेंढ्यांचं काय झालं?

या उत्तरांवर गोष्टीत बोट ठेवून दाखवता आलं पाहिजे. नाही दाखवता आलं, तर ते घटनेचं उत्तर नाही.

दुसरी पायरी : बदललं तर?
४. लांडग्याऐवजी वाघ असता, तर गोष्टीची शिकवण बदलली असती का?
५. मुलगा आधी एकदाही खोटं ओरडला नसता, तर लोक आले असते का?

ही पायरी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. वाघ आला काय, लांडगा आला काय, शिकवण तीच राहते. पण आधीचं खोटं ओरडणं काढलं, की गोष्टच कोसळते. कोणत्या घटनेवर तात्पर्य उभं आहे, हे मुलांना इथे आपोआप कळतं. शेवटच्या वेळी मुलगा खरं बोलत होता, हेही इथेच लक्षात येतं. ते सुटलं, की 'खोटे बोलू नये' एवढंच उरतं.

तिसरी पायरी : तात्पर्य
६. 'मुलगा', 'लांडगा', 'मेंढ्या', 'गावकरी' हे शब्द न वापरता शिकवण एका वाक्यात सांगा.

आता 'लांडग्याने मेंढ्या खाल्ल्या' असं लिहिताच येत नाही. 'सारखं खोटं बोललं की खरं बोललेलंही कोणाला पटत नाही' अशा अर्थाचं काहीही आलं, की झालं. भाषा मुलांची असू द्या. फळ्यावरचं छापील वाक्य उतरवून घेऊ नका.

पहिली-दुसरीच्या मुलांना असं वाक्य तयार करणं जड जातं. त्यांना लिहायला लावण्यापेक्षा तीन छोटे प्रसंग सांगा आणि विचारा, "आपल्या गोष्टीसारखं कोणतं?"

अ) राजू रानात गेला आणि त्याला लांडगा दिसला.
आ) मीना रोज 'पोट दुखतंय' म्हणून शाळा बुडवायची. एक दिवस खरंच दुखलं, पण आईला पटलं नाही.
इ) सोनूने एकदा खोटं सांगितलं आणि तो ओरडा खाऊन बसला.

'अ' निवडणारं मूल अजून घटनेत आहे. 'इ' निवडणाऱ्याला खोटं वाईट हे कळलंय, पण विश्वास जातो हे कळलेलं नाही. 'आ' निवडलं, तर "का?" असं नक्की विचारा. कारण अंदाजानेही बरोबर येऊ शकतं.

एक मात्र सांभाळा. प्रत्येक गोष्टीला एकच तात्पर्य असतं असं नाही. माझ्या वर्गात एका मुलीने विचारलं, "सर, तिसऱ्यांदा एकाने तरी बघायला जायला नको होतं का?" मेंढ्या तर गावाच्याच होत्या! तिचं उत्तर गोष्टीतल्या घटनेवर उभं आहे, म्हणून मी ते बरोबर धरलं. 'रानात एकटे जाऊ नये' धरलं नाही, कारण एकटं असण्यामुळे या गोष्टीत काहीच बिघडलेलं नाही.

पालकहो, आज रात्री गोष्ट सांगाल तेव्हा "काय शिकलास?" हे लगेच विचारू नका. आधी विचारा, "यातली कोणती गोष्ट घडली नसती, तर शेवट वेगळा झाला असता?"