‘दोन महिने मोफत’ नेमके कोणाला?

वार्षिक वर्गणी म्हणजे शहाणपण आणि मासिक वर्गणी म्हणजे उधळपट्टी, हे आता इतक्या ठामपणे सांगितले जाते की त्यावर कोणी प्रश्नही विचारत नाही. सॉफ्टवेअर विकणारा सांगतो, हिशेब पाहणारा सांगतो, घरातली जाणती माणसेही तेच सांगतात: एकदाच भरून टाक, स्वस्त पडते. हे मत मला सरसकट मान्य नाही. वार्षिक बिल कधीकधी फार फायद्याचे असते, हेही या लेखात मी दाखवणार आहे. पण ते कधी फायद्याचे आणि कधी तोट्याचे, हे ठरवण्याची जी रीत आपल्याकडे चालते ती चुकीची आहे, आणि तिचा फटका छोट्या धंदेवाल्याला सर्वांत जास्त बसतो.

सोय म्हणून असा दर धरू: डिझाइनचे एक सॉफ्टवेअर, मासिक १,००० रुपये, वार्षिक १०,००० रुपये. वर १८ टक्के जीएसटी दोन्हीकडे सारखाच, म्हणून तो बाजूला ठेवू. जाहिरातीत लिहिलेले असते ‘दोन महिने मोफत’. ही सवलत खरी आहे, पण ती फक्त बारा महिने वापरणाऱ्याला मिळते. दहा महिने वापरणाऱ्याला काहीच मिळत नाही. आठ महिन्यांनी सोडणाऱ्याला उलट २,००० रुपये जास्त पडतात. म्हणून पहिला आकडा टक्क्यांचा नव्हे, महिन्यांचा काढायचा: वार्षिक रकमेला मासिक दराने भागायचे. गूगल वनची १०० जीबीची योजना महिन्याला १३० आणि वर्षाला १,३०० रुपये, म्हणजे दहा महिने. ॲमेझॉन प्राइम महिन्याला २९९ आणि वर्षाला १,४९९, म्हणजे जेमतेम पाच महिने. दोन्हीकडे ‘वार्षिक घ्या, बचत करा’ असेच सांगितले जाते. पण मासिक दराशी तुलना केली तर प्राइम सहा महिने जरी वापरायचे असेल तरी वार्षिकच घ्यावे, आणि गूगल वनबाबत तेच सांगायला अकरा महिन्यांची खात्री हवी.

आता मासिक बिलाच्या कैवाऱ्यांचा एक युक्तिवाद खोडतो, कारण तो दिसायला भारदस्त आहे आणि आत पोकळ आहे. ते म्हणतात, वर्षाचे पैसे आधी भरले की ते अडकतात, व्याज बुडते. आपल्या उदाहरणात हे बुडालेले व्याज मोजून पाहा. पहिल्या दिवशी ९,००० रुपये जादा जातात आणि दर महिन्याला ही तफावत हजाराने कमी होत जाते. सात टक्के व्याजाने वर्षभराचा हिशेब केला तर साधारण अडीचशे रुपये होतात. पूर्ण वर्ष वापर झाला तर बचत मात्र २,००० रुपयांची आहे. म्हणजे ज्याला बारा महिन्यांची खात्री आहे त्याने व्याजाचा विचार करत बसू नये. इतका परतावा त्याला कुठलीच बँक देणार नाही.

पण खात्री कोणाला असते? वार्षिकवाल्यांचा सगळा डोलारा इथे उभा आहे आणि इथेच तो कोसळतो. समजा, शंभर जणांनी हे सॉफ्टवेअर एकाच दिवशी घेतले. दर महिन्याला त्यातले थोडे थोडे गळत गेले: कोणाचे काम बंद झाले, कोणाला दुसरे बरे वाटले, कोणाचा नोकर गेला. वर्षाअखेरीस त्यातले सहासष्ट उरले, तर शंभर जणांचे मिळून मासिक बिल आणि वार्षिक बिल जवळपास सारखे येते. त्याहून कमी उरले तर मासिक स्वस्त. हा आकडा मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण तो आपल्याला नेमका प्रश्न विचारायला लावतो. ‘हे मला उपयोगी आहे का?’ असे विचारले की उत्तर नेहमी होच येते. ‘आजपासून एका वर्षाने मी हेच वापरत असेन, याची शक्यता तीनात दोन तरी आहे का?’ असे विचारा. ज्या साधनावर गेली दोन वर्षे रोज काम चालले आहे, त्याचे उत्तर चटकन येईल. गेल्या आठवड्यात पाहिलेल्या साधनाचे उत्तर येणार नाही, आणि न येणे हेच उत्तर आहे.

आपल्याकडच्या कितीतरी धंद्यांना तर हंगाम आहे. सांगली-कोल्हापूरकडचा लग्नपत्रिकांचा डिझाइनर घ्या. तुळशीचे लग्न लागले की त्याचे काम सुरू होते आणि आषाढ लागला की थंडावते. चातुर्मासात पत्रिका कोण छापतो? मध्येच अधिक महिना आला तर ऐन हंगामात मोड. त्याचा खरा वापर आठ महिन्यांचा. मासिक बिलाने तो ८,००० रुपये भरतो आणि चार महिने बंद ठेवतो. वार्षिकने १०,००० भरतो. त्याला ‘दोन महिने मोफत’ देणारी योजना प्रत्यक्षात त्याच्याकडून न वापरलेल्या दोन महिन्यांचे पैसे घेते.

याच माणसासमोर हल्ली तिसरी योजना ठेवली जाते आणि माझा सगळा राग तिच्यावर आहे: वार्षिक करार, हप्ते मासिक. पडद्यावर मोठ्या अक्षरात ‘८५० रुपये महिना’ दिसते. १,००० आणि ८५० शेजारीशेजारी दिसल्यावर कोणीही ८५० वर बोट ठेवतो. पण हे मासिक बिल नाही. हे वर्षाचे १०,२०० रुपयांचे कर्ज आहे, बारा हप्त्यांत फेडायचे. मध्येच सोडले तर उरलेल्या हप्त्यांच्या निम्मी रक्कम दंड, अशी अट आतल्या कागदात असते. आपल्या डिझाइनरने आठ महिन्यांनी सोडले तर हप्ते ६,८००, उरलेले चार हप्ते ३,४००, त्यातले निम्मे १,७००, एकूण ८,५००. जो दर ‘महाग’ म्हणून त्याने टाळला, त्याने गेला असता तर ८,००० लागले असते. तिसऱ्याच महिन्यात सोडणाऱ्याचे तर २,५५० हप्त्यांचे आणि ३,८२५ दंडाचे. म्हणजे हप्त्यांपेक्षा दंड मोठा.

ही अट मी कल्पनेने रचलेली नाही. ॲडोबीच्या वार्षिक करार-मासिक हप्ते योजनेत पहिल्या चौदा दिवसांत पूर्ण परतावा आणि त्यानंतर उरलेल्या रकमेच्या निम्मे शुल्क अशी अट होती. हे शुल्क ग्राहकापासून झाकून ठेवले आणि वर्गणी बंद करणे मुद्दाम अवघड केले, असा आरोप ठेवून फेडरल ट्रेड कमिशनच्या शिफारशीवरून अमेरिकेच्या न्याय विभागाने जून २०२४ मध्ये कंपनीवर दावा दाखल केला. आपल्याकडेही केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत अशा ‘वर्गणीच्या सापळ्या’ला फसव्या रचनांच्या यादीत घातले आहे. स्वयंरोजगारासाठी सॉफ्टवेअर घेणारा एकटा डिझाइनर कायद्याच्या दृष्टीने ग्राहकच ठरतो; ‘तुम्ही धंद्यासाठी घेतले’ असे सांगून त्याला वाटेला लावता येत नाही. १९१५ ही राष्ट्रीय हेल्पलाइन त्याच्यासाठीही आहे.

इथे एक गैरसमज हमखास आढळतो. रिझर्व्ह बँकेच्या नियमांमुळे कार्डावरच्या आपोआप वसुलीआधी किमान २४ तास सूचना येते आणि मॅन्डेट बँकेकडून रद्द करता येतो. ही सोय चांगली आहे. पण मॅन्डेट रद्द केला म्हणजे वसुली थांबते, करार संपत नाही. हप्त्यांच्या योजनेत विक्रेत्याची बाकी तुमच्या खात्यावर तशीच राहते, खाते गोठते आणि आत अडकलेल्या फायलींसाठी तुम्हालाच त्याच्या दारात जावे लागते. म्हणून आधी विक्रेत्याकडे योजना बंद करायची, त्याची ईमेल पोच घ्यायची, मग बँकेकडे जायचे.

वार्षिक योजनेने दर बांधला जातो, असेही तिच्या बाजूने म्हणतात. तो बांधला जातो बारा महिन्यांपुरता. वेबसाइट होस्टिंगमध्ये तर पहिल्या मुदतीचा दर नूतनीकरणाच्या दरापेक्षा पुष्कळ कमी ठेवण्याची रीतच आहे. तिथे खर्चाची तुलना करायची असेल तर पहिल्या वर्षाचा आकडा सोडून दुसऱ्या वर्षाचा पाहावा. परताव्याच्या मुदतीत रद्द केले तरी डोमेनचे पैसे बहुधा वगळले जातात.

हे सगळे वाचून कोणी ‘मग मासिकच बरे’ म्हणेल, तर त्यालाही मी अडवेन. स्टेफानो डेलाविन्या आणि उलरिके मालमेंडियर या अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या जिमच्या सदस्यांचा अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध केला. केव्हाही सोडता यावे म्हणून मासिक करार घेणाऱ्या लोकांची, वर्षाची बांधिलकी घेणाऱ्यांपेक्षा, एका वर्षानंतरही सदस्य राहण्याची शक्यता १७ टक्क्यांनी जास्त निघाली. शेवटचे जिमला गेल्यापासून सदस्यत्व रद्द करेपर्यंत सरासरी दोन महिन्यांहून अधिक काळ गेला. मोकळीक विकत घ्यायची आणि वापरायची नाही, हा वार्षिकपेक्षाही महाग सौदा आहे. आपला डिझाइनर आषाढात योजना बंद करायला विसरला तर त्याचे वर्षाचे १२,००० होतात.

म्हणून माझी बाजू अशी: नव्या साधनाचे पहिले तीन महिने मासिक दरानेच भरा. १,००० आणि वार्षिकचा ८३३ यांत महिन्याला १६७ रुपयांचा फरक, म्हणजे तीन महिन्यांची चाचणी सुमारे पाचशे रुपयांना पडते. साधन पसंत पडले नाही तर तुमचे ३,००० गेले, १०,००० नव्हे. पसंत पडले तर चौथ्या महिन्यापासून वार्षिक घ्या आणि त्याच दिवशी नूतनीकरणाच्या पंधरा दिवस आधीची तारीख फोनमध्ये टाका. हंगामी काम असेल तर कायम मासिक ठेवा आणि बंद करण्याची तारीख हंगाम सुरू होतानाच टाका. वार्षिक करार-मासिक हप्ते ही योजना मात्र बारा महिन्यांची पक्की खात्री असल्याशिवाय घेऊ नका. आणि तशी खात्री असेल तर एकरकमी वार्षिक तिच्याहून स्वस्त पडते का, तेही पाहा.

पैसे भरण्याआधी विक्रेत्याला एकच ईमेल पाठवा: ‘मी आठव्या महिन्यात बंद केले तर मला किती परत मिळतील, किंवा किती भरावे लागतील?’ आकड्यातले उत्तर लेखी आले तर ते जपून ठेवा. उत्तर आलेच नाही तर त्या विक्रेत्याकडून वार्षिक योजना घेऊ नका.