‘बंद करा’ म्हणजे नेमकं काय करा?

इन्फ्युजन पंपाच्या सूचनांचं मराठी भाषांतर तपासायला आलं, की मी आधी त्यात ‘बंद करा’ कुठे कुठे आहे ते शोधतो. पंपातून औषध जाणं थांबवायचं, पंपाची वीज घालवायची, अलार्मचा आवाज दाबायचा, नळीवरचा क्लॅम्प आवळायचा आणि पंपाचं दार लावायचं, या पाच कामांना इंग्रजी पुस्तिकेत पाच वेगळे शब्द असतात. मराठीत पाचही ठिकाणी ‘बंद करा’ लिहिलं तरी व्याकरण चुकत नाही आणि कानालाही खटकत नाही. खाटेजवळ उभ्या असलेल्या माणसाला मात्र त्यातून पाच वेगळ्या गोष्टी कळू शकतात.

यातलं सगळ्यात धोक्याचं वाक्य ‘अलार्म बंद करा’ हे. पंपावरचं ते बटण दाबलं की आवाज ठरावीक वेळापुरता, बऱ्याच पंपांत साधारण दोन मिनिटं, दबतो. अलार्मचं कारण जागेवरच असतं. वैद्यकीय उपकरणांच्या अलार्मसाठी असलेल्या आयईसी ६०६०१-१-८ या मानकात आवाज तात्पुरता थांबवणं, आवाज कायमचा घालवणं, अलार्मच तात्पुरता स्थगित करणं आणि अलार्मच घालवणं अशा चार वेगळ्या अवस्था मानल्या आहेत आणि त्यांची चिन्हंही वेगळी आहेत. ‘अलार्म बंद करा’ या तीन शब्दांत चारही बुडून जातात. म्हणून तिथे लांबलं तरी चालेल, पण असं लिहावं: ‘म्यूटचं बटण दाबा. आवाज २ मिनिटं थांबेल. बिघाड तसाच राहील.’

बाकीच्या कामांनाही एकेक शब्द ठरवून द्यावा आणि शेवटच्या पानापर्यंत तो बदलू नये. औषध ‘थांबवा’, पंप ‘स्विच ऑफ करा’, क्लॅम्प ‘आवळा’, दार ‘खटका लागेपर्यंत ढकला’. एकच शब्द लागोपाठ आला की तो बदलावा, ही आपल्याला शाळेपासूनची सवय. इथे ती मोडावी लागते. वाचणाऱ्याला दुसरा शब्द दिसला की दुसरं काम असावं असंच वाटतं.

आता OCCLUSION हा अलार्म घेऊ. नळीत कुठेतरी अडथळा आहे, असा त्याचा अर्थ. पडद्यावर इंग्रजीच दिसणार असेल, तर मराठी पानावरही तो शब्द त्याच अक्षरांत छापावा आणि अर्थ शेजारी द्यावा. नुसतं ‘अडथळा’ लिहिलं, तर पडदा आणि पान यांची जोडी जुळवायचं काम घाईत असलेल्या माणसावर पडतं.

समजा, सिरिंज पंपातून रक्तदाब टिकवणारं औषध ताशी २ मि.ली. वेगाने चाललंय आणि थ्री-वेची चावी चुकून रुग्णाच्या बाजूने मिटलेली राहिली. पंप ढकलतच राहतो, नळी आणि सिरिंज ताणली जाते, दाब वाढतो आणि ठरलेल्या मर्यादेला पोचल्यावर अलार्म वाजतो. तोवर अर्धा मि.ली. औषध आत कोंडलं असेल, तर हिशेब सरळ आहे. गेली पंधरा मिनिटं रुग्णाला औषध मिळालेलं नाही. आणि कोणी घाईने चावी उघडली, तर तेच पंधरा मिनिटांचं औषध एका दमात शिरेत जाईल. वेग जितका कमी, तितका अलार्म उशिरा. ताशी ६० मि.ली. असता, तर तेवढंच कोंडायला अर्धं मिनिट पुरलं असतं.

म्हणून मूळ सूचनेत दाब सोडण्याचं काम आधी आणि अडथळा काढण्याचं नंतर असतं. मराठीत त्याचं साहजिक वाक्य होतं: ‘अडथळा काढण्यापूर्वी नळीतला दाब सोडा.’ वाक्य निर्दोष आहे, पण डोळ्यांपुढे पहिल्यांदा येतं ते ‘अडथळा काढ’. अलार्म वाजत असताना ‘पूर्वी’पर्यंत कोण थांबणार? हात ज्या क्रमाने चालायला हवेत, त्याच क्रमाने वाक्यं यावीत. एक, STOP दाबा. दोन, नळीतला दाब रुग्णाकडे न जाता सोडा. तीन, अडथळा शोधा आणि काढा. चार, औषध पुन्हा सुरू करा. दाब सोडायची रीत पंपागणिक वेगळी असते. काही पंप स्वतःच थोडं मागे सरकतात, काहींत नळी रुग्णापासून सोडवावी लागते. त्यामुळे दुसऱ्या पायरीचा तपशील त्याच मॉडेलच्या पुस्तिकेतून घ्यावा, शेजारच्या पंपाचा उचलून लावू नये.

आकड्यांचंही तसंच. पडद्यावर 0.5 दिसत असेल, तर पानावरही तसंच हवं. आपला ‘१’ ओझरता पाहिला तर इंग्रजी 9 वाटू शकतो. इतर मजकुरात देवनागरी अंक खुशाल वापरावेत, पण पंपात भरायचा आकडा पडद्यावरच्या लिपीतच छापावा.

सफाईची पानं बहुधा दुय्यम समजली जातात. सिस्टर इंग्रजी पुस्तिका वाचू शकतात. पंप पुसणाऱ्या मावशींना मात्र मराठी पानच लागतं, आणि तिथेच भाषांतर सैल असतं. पहिला घोटाळा ‘निर्जंतुक’ या शब्दाचा. झाडून सगळे जंतू आणि त्यांचे बीजाणू मारणं आणि पृष्ठभागावरचे बहुतेक जंतू मारणं, ही दोन वेगळी कामं आपण एकाच शब्दात घालतो. पंपाला दुसरं लागतं, आणि तेही आधी मळ पुसून काढल्यावर. तेव्हा ‘आधी स्वच्छ पुसा, मग जंतुनाशकाने पुसा’ अशा दोन सुट्या पायऱ्या हव्यात.

दुसरा घोटाळा वेळेचा. ‘द्रावण लावून २ मिनिटं ठेवा’ म्हटलं, की द्रावण अर्ध्या मिनिटात वाळलं तरी माणूस घड्याळ बघत थांबतो. खरी अट अशी, की तेवढा वेळ पृष्ठभाग ओला राहिला पाहिजे. म्हणून लिहावं: ‘२ मिनिटं ओला दिसला पाहिजे. आधी वाळला तर पुन्हा पुसा.’ त्याच वेळी पाणी पंपाच्या आत जाऊ नये, हीही अट असते. ‘ओल्या फडक्याने पुसा’ यातून दोन्ही साधत नाहीत. ‘द्रावण फडक्यावर घ्या, थेंब गळणार नाही इतकं पिळा, पंपावर फवारू नका’ यातून साधतात.

तिसरा मुद्दा द्रावणाच्या प्रमाणाचा. पुस्तिकेत ०.१ टक्के हायपोक्लोराइट चालतं असं म्हटलं असेल आणि कॅनमध्ये ५ टक्क्यांचं हायपो असेल, तर ‘१:५०’ लिहून भागत नाही. पन्नासात एक की पन्नासाला एक, हा वाद उरतोच. ‘२० मि.ली. हायपो घ्या, पाणी घालून १ लिटर करा’ असं लिहिलं, की संपलं. तीव्र द्रावण वापरत राहिलं, तर काही प्लास्टिकना चिरा पडतात आणि त्यांतून पाणी आत शिरतं. उलट, सांडलेलं डेक्स्ट्रोज पुसलं नाही, तर ते वाळून बुडबुडे ओळखणाऱ्या सेन्सरवर चिकटतं. मग नळीत हवा नसतानाही AIR IN LINE वाजत राहतो. असं वारंवार होत असेल, तर नळी तपासून झाल्यावर सेन्सर बघावा.

भाषांतर तपासायची रूढ पद्धत म्हणजे ते पुन्हा इंग्रजीत उलटवणं. त्यात गाळलेलं वाक्य सापडतं, पण ‘बंद करा’ निसटतं, कारण उलटवणारा संदर्भावरून योग्य शब्द ओळखून लिहितो. त्यापेक्षा रुग्णाला न जोडलेला पंप टेबलावर ठेवावा, मराठी पान सिस्टरच्या आणि मावशींच्या हाती द्यावं आणि भाषांतरकाराने तोंड न उघडता त्यांचे हात पाहावेत. हात जिथे अडतो किंवा भलत्या बटणाकडे जातो, ते वाक्य बदलावं. पानावर मॉडेलचं नाव आणि सॉफ्टवेअरची आवृत्ती छापावी. सॉफ्टवेअर बदलून पडद्यावरचे शब्द बदलले, तर जुनी पानं वॉर्डातून काढून टाकावीत आणि ते काम कोणाचं, हे रुग्णालयाने लेखी ठरवून द्यावं.