‘अपात्र’ शिक्का मारण्याआधी कागद मोजा

शिष्यवृत्तीचे पोर्टल उघडले की दरवर्षी जे होते ते यंदाही सुरू झाले आहे. वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सूचनेचा एक स्क्रीनशॉट पडतो. त्याची वरची तारीख कापलेली असते, खालच्या अटी कापलेल्या असतात आणि सोबत एकच ओळ असते : ‘पात्र विद्यार्थ्यांनी तातडीने अर्ज भरावेत.’ पात्र कोण, हे सांगण्याची जबाबदारी कोणीच घेत नाही. मग मुले सायबर कॅफेत रांगा लावतात, हाती येतील ते दाखले चढवतात आणि काही आठवड्यांनी अर्ज परत आला की ‘अपात्र’ हा शब्द ऐकून घरी जातात. यातली अनेक मुले अपात्र नसतातच. त्यांचा एखादा कागद कमी असतो आणि तो कोणता, हे त्यांना वेळेत कोणी सांगितलेले नसते. मुलगा अपात्र आहे की त्याचा कागद बाकी आहे, हा फरक न करणारी यंत्रणा गरीब घरातल्या मुलांचे हक्काचे पैसे बुडवते, असे आम्ही स्पष्टपणे म्हणतो.

केंद्र सरकारची महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठीची शिष्यवृत्ती घेऊ. आता ती पीएम-यूएसपी या नावाखाली चालते. पदवीच्या पहिल्या तीन वर्षांसाठी वर्षाला 12 हजार आणि पदव्युत्तर शिक्षणासाठी 20 हजार रुपये मिळतात. देशभरात दरवर्षी नव्याने जास्तीत जास्त 82 हजार विद्यार्थी निवडले जातात आणि त्यातला निम्मा वाटा मुलींचा असतो. अर्ज scholarships.gov.in या राष्ट्रीय पोर्टलवर भरायचा असतो. सूचनेच्या स्क्रीनशॉटवर साधारण तीनच गोष्टी दिसतात : बारावीत 80 पर्सेंटाइलच्या वर, कौटुंबिक उत्पन्न 4.5 लाखांपर्यंत, नियमित पदवी अभ्यासक्रमाला प्रवेश.

आता एक विद्यार्थिनी डोळ्यांसमोर आणा. राज्य मंडळाची बारावी, कला शाखा, 600 पैकी 429 गुण, म्हणजे साडेएकाहत्तर टक्के. बी.ए.च्या पहिल्या वर्षाला अनुदानित महाविद्यालयात नियमित प्रवेश. वडील एका कारखान्यात कामाला, आई घरी शिवणकाम करते. ती स्क्रीनशॉट वाचते, ‘80’ पाहते आणि आपले तर 71 टक्केच आहेत म्हणून फोन बाजूला ठेवते. तिच्या वर्गातल्या बहुतेक मुली हेच करतात आणि शिक्षकही त्यांना हेच सांगतात.

हे साफ चूक आहे. 80 पर्सेंटाइल म्हणजे 80 टक्के गुण नव्हेत. त्या वर्षी, त्या मंडळातून, त्या शाखेत उत्तीर्ण झालेल्यांच्या क्रमवारीत वरच्या पाचव्या हिश्श्यात येणे, एवढाच त्याचा अर्थ आहे. त्यामुळे कटऑफ दरवर्षी बदलते आणि विज्ञान, वाणिज्य, कला या शाखांची वेगवेगळी असते. 429 गुण पुरतात की नाही, याचे उत्तर मंडळाच्या त्या वर्षाच्या शाखानिहाय कटऑफ यादीतच असते. कटऑफ 425 असेल तर ही मुलगी आत, 435 असेल तर बाहेर. आणि आत आली तरी निवड नक्की झाली असे नाही. राज्याच्या वाट्याला आलेल्या जागा शाखांमध्ये विभागून गुणवत्ता यादी लागते. पण अर्ज करण्याचा हक्क तिला आहे आणि तो 80 या आकड्याच्या गैरसमजापायी जातो. सूचनेत ‘80 टक्के नव्हे’ हे तीन शब्द छापायला कोणत्या खात्याला किती खर्च येतो?

दुसरी अट उत्पन्नाची. इथे घराघरांत एकच चूक होते : हातात पडणारा पगार धरला जातो. या मुलीच्या वडिलांच्या हातात महिन्याला 31 हजार येतात. वर्षाचे झाले 3 लाख 72 हजार. घरच्यांना वाटते, मर्यादेच्या आत भरपूर जागा आहे. पण पगाराच्या पावतीवर भविष्यनिर्वाह निधी आणि व्यवसाय कर कापण्याआधीचा आकडा 35 हजार 600 आहे. त्याचे वर्षाचे 4 लाख 27 हजार 200 होतात. आईच्या शिवणकामाचे वर्षाला 20 हजार त्यात मिळवा, 4 लाख 47 हजार 200. अजूनही मुलगी बसते, पण फक्त 2 हजार 800 रुपयांच्या फरकाने. दिवाळीला 8 हजार बोनस मिळाला असेल तर मर्यादा ओलांडली. आई-वडील दोघांचे, कपातीपूर्वीचे, सगळ्या मार्गांचे उत्पन्न धरायचे असते, हे अर्ज भरण्याआधी कळायला हवे. इतक्या काठावरच्या घरात अंदाजाने आकडा टाकणे धोक्याचे आहे. पगाराच्या बारा पावत्या किंवा फॉर्म 16 समोर ठेवूनच बेरीज करावी. आकडा बसत नसेल तर तो खाली ओढून घेण्याचा ‘मार्ग’ सांगणारे दलाल तहसील कार्यालयाबाहेर असतात. त्यांच्या नादी लागू नये. उत्पन्न मर्यादेबाहेर गेले तर ही योजना सोडावी आणि 8 लाखांपर्यंत उत्पन्न चालणाऱ्या राज्याच्या राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीच्या अटी पाहाव्यात.

आणि घरच्यांची बेरीज हा पुरावा नव्हे. पुरावा म्हणजे तहसीलदारांचा चालू मुदतीचा उत्पन्नाचा दाखला. या मुलीकडे अकरावीच्या प्रवेशाच्या वेळी काढलेला दाखला आहे आणि घरचे निर्धास्त आहेत. पण तो केव्हाच बाद झाला. आपल्याकडे उत्पन्नाच्या दाखल्यावर ‘31 मार्चपर्यंत वैध’ असे स्पष्ट लिहिलेले असते आणि ती ओळ कोणी वाचत नाही. काही घरांत नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्रच उत्पन्नाचा दाखला म्हणून चढवले जाते. तेही चालत नाही. ते मागास प्रवर्गातल्यांसाठीचे वेगळे प्रमाणपत्र आहे आणि त्यात उत्पन्न मोजण्याची रीतच वेगळी आहे.

तिसरा खड्डा स्क्रीनशॉटच्या कापलेल्या भागात दडलेला असतो आणि आमच्या मते सर्वात जास्त मुले त्यातच पडतात. दुसरी कोणतीही शिष्यवृत्ती किंवा राज्याची शुल्कमाफी घेत असलेल्या विद्यार्थ्याला ही शिष्यवृत्ती मिळत नाही. प्रवेशाच्या गडबडीत महाविद्यालयातल्या कर्मचाऱ्याने सगळ्या वर्गाचे महाडीबीटीवर अर्ज भरून घेतलेले असतात. त्यात या मुलीचाही अर्ज असतो आणि तिला ते धड आठवतही नाही. अनुदानित महाविद्यालयात बी.ए.चे शिक्षण शुल्क बहुधा 12 हजारांच्या जवळपासही नसते. म्हणजे शुल्कमाफीच्या थोड्या पैशांसाठी मोठी रक्कम हातची जाऊ शकते. याउलट, व्यावसायिक अभ्यासक्रमाला केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून गेलेल्या मुलीचे गणित उलटे असेल. जुलै 2024 च्या शासन निर्णयानुसार 8 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातील मुलींना पूर्ण शुल्कमाफी आहे आणि ती रक्कम 12 हजारांपेक्षा कितीतरी मोठी असू शकते. दोन्ही आकडे शेजारी मांडून निवड करायची असते. ती मुलीने आणि तिच्या पालकांनी करायची, परस्पर कर्मचाऱ्याने नव्हे.

राहिला बँक खात्याचा प्रश्न. आधार क्रमांक बँकेत दिला म्हणजे खाते डीबीटीसाठी जोडले गेले, असे होत नाही. केवायसीसाठी दिलेला आधार वेगळा आणि एनपीसीआयकडे झालेली जोडणी वेगळी. पैसे एनपीसीआयच्या नोंदीत शेवटी जोडलेल्या खात्यात जातात, पासबुकाची प्रत कोणत्याही बँकेची दिली तरी. या मुलीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी आहे, आधारवर शेवटी आहे आणि वडिलांच्या नावाचे स्पेलिंग दोन्हीकडे वेगळे आहे. एवढ्यावरून अर्ज अडकू शकतो.

मग या मुलीला काय सांगायचे? गुणांच्या अटीवर तिचा निकाल अजून लागायचा आहे, कटऑफ यादी पाहा. अभ्यासक्रमाची अट पूर्ण. उत्पन्न काठावर आहे, बोनसचा हिशेब करा. बाकी कागद : तहसीलदारांचा नवा दाखला, महाविद्यालयाचे बोनाफाइड, एनपीसीआय जोडणीची खात्री, नावातल्या फरकाची दुरुस्ती आणि महाडीबीटीवरच्या अर्जाबद्दलचा निर्णय. यात सर्वात वेळ खाणारे दोन आहेत, दाखला आणि आधारवरची दुरुस्ती. ते पहिल्या दिवशी सुरू करायचे, बोनाफाइड शेवटी घेतले तरी चालते. हा सगळा हिशेब जाणत्या माणसाला कागद समोर ठेवून अर्ध्या तासात करता येतो. तो अर्धा तास आज एकाही विद्यार्थ्याच्या नावे कोणाच्या कामात धरलेला नाही.

महाविद्यालयांनी हात झटकू नयेत. राष्ट्रीय पोर्टलवर अर्जाची पहिली पडताळणी संस्थेनेच करायची असते आणि तिची शेवटची तारीख विद्यार्थ्याच्या तारखेनंतर येते. मधल्या दिवसांत त्रुटी दाखवून अर्ज दुरुस्तीसाठी विद्यार्थ्याकडे परत पाठवण्याची सोय पोर्टलवर आहे. ती वापरायची सोडून शेवटच्या दोन दिवसांत ढिगाने अर्ज नाकारणे हा कामचुकारपणा आहे. त्रुटी दाखवायची तर ‘कागदपत्रे अपूर्ण’ एवढे लिहून भागत नाही. कोणता कागद, कोणत्या वर्षाचा, कोणाच्या सहीचा, हे लिहिलेच पाहिजे.

महसूल खात्यालाही हेच सांगायचे आहे. मुलांच्या अर्जाच्या मुदती पक्क्या आणि दाखल्याची तारीख मात्र ‘साहेब आले की’, हे चालणार नाही. राज्यात 2015 पासून लोकसेवा हक्क कायदा आहे. अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत मिळाली नाही तर अपील करता येते. सेतू केंद्रावर अर्ज देताना तारखेची पोच मागून घ्यावी आणि मुदत उलटली की त्या पोचेवर अपील करावे. एकटीदुकटी मुलगी तहसीलमध्ये जाऊन अपील करणार नाही, हे आम्हाला कळते. तिच्या वतीने प्राचार्यांनी उभे राहावे.

उच्च शिक्षण संचालनालयाने याच हंगामात एक आदेश काढावा. शिष्यवृत्तीची सूचना फलकावर लावताना तिच्यासोबत योजनेचे वर्ष, पोर्टलचा पत्ता, विद्यार्थ्याची आणि संस्थेची अशा दोन्ही मुदती, शाखानिहाय कटऑफ आणि लागणाऱ्या दाखल्यांची मराठीतली यादी एकाच पानावर द्यावी, म्हणजे त्या पानाचा फोटो काढला तरी काही कापले जाणार नाही. ज्या विद्यार्थ्याचा अर्ज नाकारला जाईल त्याला कारणाची लेखी चिठ्ठी, संस्थेची मुदत संपण्याच्या किमान दहा दिवस आधी मिळावी. चिठ्ठी न देता नाकारलेला प्रत्येक अर्ज संस्थेची चूक म्हणून नोंदवावा आणि ती नोंद संचालनालयाने जाहीर करावी.