सोनोग्राफीत ‘पीसीओ’ आले, पण ओटीपोट का दुखते?

चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या बायका दूरच्या गावाहून एसटीने तालुक्याला येतात, सोनोग्राफी करतात आणि पिशवीतून रिपोर्ट काढून म्हणतात, “अंडाशयात गाठी निघाल्या म्हणे.” रिपोर्टवर लिहिलेले असते ‘पॉलिसिस्टिक ओव्हरीज’. मग पाळीच्या गोळ्या सुरू होतात आणि पोटदुखीही त्याच खात्यात टाकून दिली जाते. माझी तक्रार या दुसऱ्या गोष्टीबद्दल आहे.

आधी या ‘गाठी’ समजून घ्या. त्या गाठी नसतातच. दर महिन्याला अंडाशयात बीजाच्या काही पिशव्या वाढू लागतात आणि त्यातली एक मोठी होऊन फुटते. हार्मोनचा तोल बिघडला की बऱ्याच पिशव्या अर्ध्यावर, २ ते ९ मिलिमीटरवर अडतात. सोनोग्राफीत त्या काळ्या ठिपक्यांसारख्या दिसतात आणि अंडाशय १० मिलिलिटरपेक्षा मोठे भरते. ठिपके दुखत नाहीत, आणि त्यांना काढायचेही नसते.

निरोगी, नियमित पाळीच्या तरुण स्त्रियांतही असे अंडाशय दिसते. म्हणून पीसीओएस म्हणायला तीनपैकी दोन गोष्टी लागतात: अनियमित पाळी, पुरुषी हार्मोन वाढल्याची खूण (हनुवटीवर राठ केस, हट्टी मुरुम किंवा रक्तातले प्रमाण) आणि तसे अंडाशय. शिवाय थायरॉईड, प्रोलॅक्टिन यांसारखी कारणे आधी बाजूला करावी लागतात. पहिली पाळी येऊन आठ वर्षे झाली नसतील, तर या निदानासाठी सोनोग्राफी करूच नये असे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शन आहे, कारण त्या वयात असे ठिपके सर्रास असतात. तरीही सोळा वर्षांच्या मुलीच्या हातात हा शिक्का पडतोच, आणि आईला मुलीच्या लग्नाची काळजी लागते.

आता एक उदाहरण घेऊ. चोवीस वर्षांची विवाहिता, वजन ४४ किलो, पाळी ४५-५० दिवसांनी. सहा महिन्यांपासून ओटीपोटात ठणका, संबंधाच्या वेळी दुखते, अंगावरून वास येणारे पांढरे जाते. रिपोर्ट: दोन्ही अंडाशये पॉलिसिस्टिक, बाकी सर्व नॉर्मल. तीन महिने पाळीच्या गोळ्या घेतल्या, पाळी वेळेवर आली, ठणका मात्र तसाच.

तिची आतून तपासणी तोवर कोणीही केली नव्हती. ती केली तेव्हा गर्भाशयाचे तोंड हलवताच ती कळवळली. हे गर्भाशय आणि नळ्यांना जंतुसंसर्ग झाल्याचे लक्षण. गर्भ नसल्याची लघवीची तपासणी करून १४ दिवस प्रतिजैविके दिली, नवऱ्यालाही उपचार दिला. दुखणे गेले. थायरॉईड व प्रोलॅक्टिन नॉर्मल आले, म्हणजे पीसीओएस खरेच होते. दुखत होते मात्र दुसऱ्याच कारणाने.

सौम्य संसर्गात सोनोग्राफी बहुधा नॉर्मलच येते. नळी सुजून पू भरला तर दिसते, तोवर उशीर झालेला असतो आणि पुढे मूल राहण्यात अडचण येऊ शकते. एन्डोमेट्रिओसिसचे पातळ डागही यंत्राला दिसत नाहीत. ‘बाकी सर्व नॉर्मल’ याचा अर्थ ‘या यंत्राला दिसले नाही’ एवढाच घ्या.

या भागात हे नवीन नाही. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतील दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी करून १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष छापले. ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग किंवा लैंगिक रोग होता, त्यात जंतुसंसर्गाचा वाटा मोठा. आणि पूर्वी तपासणी-उपचार मिळालेल्या फक्त ८ टक्के. आकडे जुने आहेत, आजचे म्हणून वापरू नका. पण ते आजार सापडले ते स्त्रियांशी बोलून, आतून तपासून आणि स्राव प्रयोगशाळेत पाहून. आज सोनोग्राफी सोपी झाली आणि तपासणीचे टेबल रिकामे राहू लागले. लाज बायकांना वाटते हे खरे, पण आम्हा डॉक्टरांना वेळ वाचतो हेही खरे.

म्हणून रिपोर्ट दाखवताना दुखणे वेगळे सांगा: कुठे, पाळीच्या आधी की सतत, संबंधाच्या वेळी दुखते का, पांढरे जाते का, ताप येतो का. “आतून तपासाल का?” असे विचारा, बाई डॉक्टर किंवा नर्स सोबत मागणे तुमचा हक्क आहे. पाळी चुकलेली असताना पोटात दुखले तर आधी गर्भाची तपासणी करा; पीसीओएसमध्ये पाळी चुकतेच म्हणून थांबू नका, कारण नळीतला गर्भ जीवावर बेततो. एका बाजूला अचानक जोराची कळ येऊन उलट्या झाल्या तर अंडाशयाला पीळ पडला असू शकतो, त्याच दिवशी रुग्णालय गाठा. आणि दुखत नसले तरी तीन महिने पाळी आली नाही तर दाखवा, कारण गर्भाशयाचे अस्तर जाड होत राहते.