हमीच्या नफ्याचे गणित

भारतीय प्रतिभूती आणि विनिमय मंडळाने, म्हणजे सेबीने, सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातला एक आकडा आता सर्वपरिचित झाला आहे. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन आर्थिक वर्षांत समभागांच्या फ्युचर्स आणि ऑप्शन व्यवहारांत उतरलेल्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्के तोट्यात गेले आणि त्यांचा एकत्रित तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून अधिक होता. मला त्याच अहवालातला दुसरा, कमी चर्चिला गेलेला आकडा अधिक बोलका वाटतो. सर्व खर्च वजा जाता एक लाख रुपयांहून अधिक नफा मिळवणारे जेमतेम एक टक्का होते. असे असताना दरमहा दहा टक्क्यांची हमी देणारे ‘गुरू’ गल्लोगल्ली कसे आढळतात?

या दाव्याची परीक्षा घ्यायला बाजाराचे ज्ञानही लागत नाही. दरमहा दहा टक्के खरोखर मिळत असतील, तर एका लाखाचे वर्षाअखेरीस सव्वातीन लाखांच्या आसपास होतात आणि पाच वर्षांत तीन कोटींहून अधिक. ज्याच्या हाती अशी विद्या आहे, त्याने वीस हजार रुपयांचे अभ्यासवर्ग विकत का बसावे, हा प्रश्न असभ्य असला तरी विचारलाच पाहिजे. उत्तर बहुधा हेच निघते की उत्पन्न ऑप्शनमधून नव्हे, शुल्कातून येते.

‘बाप ऑफ चार्ट’ या नावाने चाललेल्या व्यवसायाविरुद्ध सेबीने ऑक्टोबर २०२३ मध्ये दिलेला अंतरिम आदेश या संदर्भात वाचनीय आहे. समाजमाध्यमांवर नफ्याच्या व्यवहारांची चित्रे झळकत होती आणि ती पाहून लोक अभ्यासवर्गांचे शुल्क भरत होते. सेबीने प्रत्यक्ष व्यवहार तपासले, तेव्हा जानेवारी २०२१ ते जुलै २०२३ या काळात सूत्रधाराला सुमारे २.८९ कोटी रुपयांचा निव्वळ तोटा झाल्याचे आदेशात नमूद झाले. शिकवण्याच्या नावाखाली प्रत्यक्षात खरेदी-विक्रीच्या शिफारशी दिल्या जात होत्या आणि त्यासाठी आवश्यक ती नोंदणी नव्हती, असा सेबीचा निष्कर्ष होता. गोळा झालेले सुमारे १७.२ कोटी रुपये स्वतंत्र खात्यात जमा करण्याचे आदेश निघाले.

यातून ध्यानात घ्यायचे ते असे, की नफ्याचे चित्र खोटे असण्याची गरज नसते. दहा व्यवहार करून दोन दाखवले, तरी ते दोन खरेच असतात. म्हणून एखाद्या दिवसाच्या नफ्याला पुरावा मानू नये. संपूर्ण आर्थिक वर्षाचा दलालाने दिलेला नफा-तोट्याचा तक्ता आणि त्याच्याशी जुळणारे प्राप्तिकर विवरण मागावे. ते मागताच समूहातून काढून टाकले जाणे हा मिळू शकणारा सर्वांत स्वस्त इशारा आहे.

याहून कावेबाज प्रकार ‘९५ टक्के अचूकते’चा. हा दावा अक्षरशः खरा असूनही ग्राहक बुडू शकतो आणि ते कसे घडते हे सावकाश पाहण्याजोगे आहे. ऑप्शन विकणाऱ्याला सुरुवातीलाच प्रीमियम मिळतो. सध्याच्या निर्देशांकापासून बऱ्याच दूरच्या पातळीचा ऑप्शन विकला, तर तो बहुतेक आठवड्यांत निरर्थक होऊन संपतो आणि प्रीमियम खिशात राहतो. समजा, ७५ चा एक लॉट प्रत्येकी १० रुपयांना विकला. आठवड्याला ७५० रुपये सुटले. असे एकोणीस आठवडे सुरळीत गेले, तर १४,२५० रुपये जमा होतात आणि समूहात रोज अभिनंदनांचा पाऊस पडतो. विसाव्या आठवड्यात बाजार जोरात उलटला आणि तोच ऑप्शन २५० रुपयांवर गेला, तर तोटा २४० गुणिले ७५, म्हणजे १८,००० रुपये. वीसपैकी एकोणीस वेळा यश आले, अचूकता ९५ टक्के भरली, आणि दलाली व कर न धरताही ३,७५० रुपये गेले.

असा विसावा आठवडा काल्पनिक नसतो. ३ जून २०२४ रोजी मतदानोत्तर चाचण्यांच्या उत्साहात निफ्टी तीन टक्क्यांहून अधिक चढला. दुसऱ्या दिवशी लोकसभेचे निकाल लागले आणि तो सुमारे सहा टक्के कोसळला. आदल्या दिवशी ‘आता खाली जाणे अशक्य’ म्हणून पुट विकून ठेवणाऱ्यांचे काय झाले असेल, ते सांगायला नको. अशा दिवशी मार्जिन अपुरे पडते आणि दलाल व्यवहार बंद करतो. सावरायला वेळ मिळेलच, असे नसते. तेव्हा किती वेळा जिंकता, हे विचारण्यात अर्थ नाही. सर्वांत वाईट आठवड्यात किती गेले, हे विचारावे. ज्याच्याकडे या प्रश्नाला आकड्यात उत्तर नाही, त्याला ऑप्शन येत नाहीत किंवा सांगायचे नाहीत.

कायद्याची बाजू तुलनेने सोपी आहे. शुल्क घेऊन सल्ला देणाऱ्याला सेबीची नोंदणी लागते. गुंतवणूक सल्लागाराचा क्रमांक INA ने, तर संशोधन विश्लेषकाचा INH ने सुरू होतो. पण क्रमांक दुसऱ्याचा उचलून छापणे अवघड नाही. म्हणून तो सेबीच्या संकेतस्थळावर पाहावा आणि तिथले नाव व ज्या खात्यात शुल्क मागितले जाते त्या खातेदाराचे नाव एकच आहे का, हे ताडून घ्यावे. पैसे कुणा तिसऱ्याच व्यक्तीच्या खात्यात भरायला सांगितले, तर तिथेच थांबावे. शिवाय नोंदणी असलेल्यालाही परताव्याची हमी देण्याची मुभा नाही. त्यामुळे हमी उच्चारणारा एक तर नोंदणीविना काम करतो किंवा नोंदणीच्या अटी मोडतो. तिसरी शक्यता नाही. डीमॅट खात्याचा पासवर्ड मागून ‘नफ्यात निम्मा वाटा’ ठरवणाऱ्याबाबत तर एवढ्या विचाराचीही गरज नाही. नफ्यात त्याचा वाटा असतो, तोट्यात नसतो, आणि मोठी जोखीम घेण्यात त्याचे काहीच जात नाही.

‘आम्ही फक्त शिकवतो’ ही पळवाट सेबीने जानेवारी २०२५ च्या परिपत्रकाने बरीच अरुंद केली. निव्वळ शिक्षण देणाऱ्याने गेल्या तीन महिन्यांतील बाजारभाव वापरू नयेत, असे त्यात म्हटले आहे. मला ही मोजपट्टी फार उपयुक्त वाटते. ऑप्शनची किंमत कशी ठरते, मुदत जवळ येताना ती का झिजते, हे शिकवायला वर्षापूर्वीचे भाव पुरतात. वर्गात आज दुपारचा भाव आणि उद्याचे लक्ष्य बोलले जात असेल, तर तो वर्ग नसून टिप विकण्याचे दुकान आहे.

मात्र नियामकाच्या कारवाईलाही मर्यादा आहेत. सेबीच्या स्कोअर्स या तक्रार व्यवस्थेचा उपयोग मुख्यतः नोंदणीकृत संस्थांविरुद्ध होतो. अनोंदणीकृत माणसाने उघड फसवणूक केली असेल, तर १९३० या क्रमांकावर आणि पोलिसांकडे लगेच कळवावे लागते, कारण पैसे पुढच्या खात्यांत सरकण्याआधीचे तास मोलाचे असतात. आणि सेबीच्या आदेशाने रक्कम रोखली गेली, तरी ती गोळा केलेल्या शुल्काची असते. सल्ल्यानुसार बाजारात घातलेले पैसे तोवर व्यवहारातल्या समोरच्या पक्षाकडे रीतसर पोहोचलेले असतात आणि ते परत आणण्याचा मार्ग कोणत्याही परिपत्रकात नाही.